ओसीआय कार्ड आणि सातबारा: विकत घेणं, बक्षीस घेणं आणि वारशाने मिळणं

अमेरिकेतून, इंग्लंडमधून, ऑस्ट्रेलियातून सुट्टीवर आलेली आपली माणसं दरवर्षी मुळशी, कर्जत, दापोलीकडे जमीन बघायला जातात. अकरा गुंठ्यांचा डोंगरउताराचा तुकडा, दोन आंब्याची झाडं, समोर धरणाचं पाणी. एजंट विचारतो, "ओसीआय कार्ड आहे ना? मग काही अडचण नाही, भारतीयासारखेच हक्क आहेत तुम्हाला." टोकन दिलं जातं. पुढे काही महिन्यांनी, किंवा दहा वर्षांनी विकायची वेळ आल्यावर, कुणीतरी सातबारा नीट वाचतं आणि घोटाळा लक्षात येतो.

ओसीआय कार्ड म्हणजे परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीय वंशाच्या माणसाला भारत सरकार देतं ते कार्ड. एजंटचं वाक्य अर्धं खरं आहे. ओसीआय कार्डधारकाला भारतात घर, फ्लॅट, दुकान, ऑफिस किंवा बिगरशेती प्लॉट घ्यायला रिझर्व्ह बँकेची परवानगी लागत नाही. किती घ्यायचे यावरही बंधन नाही. पण शेतजमीन, फार्महाऊस आणि मळा-बागायतीची मिळकत, ज्याला कायदा प्लांटेशन म्हणतो, या तीन गोष्टी विकत घेता येत नाहीत. नागरिकत्व कायद्याखाली केंद्र सरकारने ४ मार्च २०२१ रोजी काढलेल्या अधिसूचनेत हे स्पष्ट लिहिलं आहे, आणि परकीय चलनाच्या कायद्याखालच्या, म्हणजे फेमाखालच्या, २०१९ च्या नियमांतही तेच आहे. परदेशात राहणारा पण भारतीय पासपोर्ट टिकवून असलेला एनआरआय असेल तर त्यालाही हीच मर्यादा लागू आहे. म्हणजे प्रश्न पासपोर्टचा रंग बदलल्याचा नाही, राहण्याचा आहे.

एक गोष्ट इथेच सांगून टाकतो. हे हक्क कार्डाला चिकटलेले आहेत, वंशाला नाहीत. आईवडील महाराष्ट्रातले, जन्म पुण्यातला, पण नागरिकत्व बदललं आणि ओसीआय कार्ड काढलं नाही, तर असा माणूस परदेशात राहत असताना या नियमांत बसत नाही. पोर्तुगीज पासपोर्ट घेतलेल्या अनेक गोवेकरांच्या बाबतीत हा मुद्दा खरोखर उभा राहतो. खरेदीखताच्या दिवशी कार्ड हातात हवं. अर्ज केला आहे, एवढ्यावर भागत नाही.

आता नियम एका माणसावर लावून बघू. उदाहरण कल्पित आहे, पण यातला प्रत्येक प्रसंग माझ्या ओळखीच्या कुटुंबांत या ना त्या रूपात घडलेला आहे. एक ताई आहेत, मूळच्या जुन्नर तालुक्यातल्या, आता न्यू जर्सीत राहतात, अमेरिकन नागरिक आहेत, ओसीआय कार्ड आहे. नवरा अमेरिकन, भारतीय वंशाचा नाही. वडील आणि धाकटा भाऊ गावी. वडिलांच्या नावावर तीन एकर बागायत शेती. ताईंना दोन गोष्टी हव्या आहेत: कोथरूडमध्ये एक फ्लॅट, आणि गावच्या जमिनीत आपलं नाव.

फ्लॅटचं आधी बघू, कारण ते सरळ आहे. किंमत एक कोटी वीस लाख, विकणारा पुण्यातलाच रहिवासी. कायदा इथे काय विकत घेताय यापेक्षा पैसा कुठून आला हे बारकाईने बघतो. रक्कम परदेशातून बँकेमार्फत थेट आलेली असावी, किंवा परदेशातून आणलेल्या पैशाच्या एनआरई, एफसीएनआर वा भारतातल्या पैशाच्या एनआरओ अशा अनिवासी खात्यातून गेलेली असावी. डॉलरच्या नोटा, ट्रॅव्हलर्स चेक चालत नाहीत, आणि हातात रोख देण्याचा तर प्रश्नच नाही.

पाय घसरतो तो नेमका टोकनच्या वेळी. ताई न्यू जर्सीत, फ्लॅट हातचा जाईल म्हणून वडील आपल्या बचत खात्यातून पाच लाख विकणाऱ्याला देऊन टाकतात. किंवा ताईंचं कॉलेजपासूनचं साधं बचत खातं अजून चालू आहे, त्यातून रक्कम जाते. परदेशी स्थायिक झाल्यावर ते खातं एनआरओ करून घ्यायला हवं होतं, ते राहून गेलेलं असतं. दोन्ही वेळा हेतू चांगला, पण पैशाची वाट नियमाबाहेरची. वडिलांना मदत करायचीच असेल तर त्यांनी ती रक्कम आधी मुलीच्या एनआरओ खात्यात भेट म्हणून टाकावी, ठरलेल्या वार्षिक मर्यादेत, आणि तिथून ती विकणाऱ्याकडे जावी. एका टप्प्याचा फरक आहे, पण कागदावर तोच महत्त्वाचा.

समजा ताईंनी नव्वद लाख एनआरई खात्यातून दिले आणि तीस लाख एनआरओमधून. पन्नास लाख किंवा त्याहून जास्त किमतीची मिळकत रहिवासी माणसाकडून घेताना एक टक्का कर कापून सरकारकडे भरायचा असतो, म्हणजे एक लाख वीस हजार. तेवढे वजा करून विकणाऱ्याला एक कोटी अठरा लाख ऐंशी हजार. खरेदी फक्त ताईंच्या एकटीच्या नावावर असेल तर महिलांसाठीची एक टक्का सवलत मिळून पुणे महापालिका हद्दीत मुद्रांक शुल्क सहा टक्के, म्हणजे सात लाख वीस हजार, आणि नोंदणी फी तीस हजार. नवऱ्याचं नाव जोडलं तर ती सवलत जाते.

नवऱ्याचं नाव जोडता येतं का? येतं, पण अटींवर. ओसीआय कार्डधारकाचा परदेशी जोडीदार, ज्याच्याकडे स्वतःचं कार्ड नाही, तो आपल्या जोडीदाराबरोबर संयुक्तपणे फक्त एकच मिळकत घेऊ शकतो, तीही शेती सोडून. विवाह नोंदलेला हवा, आणि खरेदीच्या आधी किमान दोन वर्षं सलग टिकलेला हवा. पाकिस्तान, बांगलादेश, चीन अशा काही देशांच्या नागरिकांना मात्र ही सोयही नाही.

एनआरईमधले नव्वद आणि एनआरओमधले तीस हा फरक विकताना पुढे येतो. ताईंनी पंधरा वर्षांनी फ्लॅट तीन कोटींना विकला तर परकीय चलनातून आलेले नव्वद लाख त्या परत बाहेर नेऊ शकतात. राहत्या मिळकतींच्या बाबतीत ही सोय दोन घरांपुरतीच आहे. उरलेली रक्कम एनआरओ खात्यात जमा होते आणि तिथून कर भरल्यावर एका आर्थिक वर्षात दहा लाख डॉलरपर्यंत बाहेर जाऊ शकते. म्हणून बँकेकडून मिळणारं परदेशी रकमेचं प्रमाणपत्र खरेदीखताइतकंच जपून ठेवा. विकताना पंधरा वर्षांपूर्वीचा बँकेचा कागद शोधणं किती कठीण जातं ते मी पाहिलं आहे. मधल्या काळात बँकेची शाखा बदललेली असते, कधी बँकच दुसरीत विलीन झालेली असते.

आता गावची जमीन. इथे माझ्या मते कायद्यातली सगळ्यात कमी समजलेली गोष्ट आहे. तीच तीन एकर, तोच सातबारा. ताईंनी ती विकत घेतली तर बेकायदा. वडिलांनी बक्षीसपत्राने दिली तरी बेकायदा. पण वडिलांच्या पश्चात वारसाने आली तर पूर्णपणे कायदेशीर. जमीन एकच, ती हाती कशी आली यावर सगळं ठरतं.

बक्षीसपत्राचा सापळा महाराष्ट्रात विशेष मोठा आहे, कारण इथे आईवडिलांनी मुलांना किंवा नातवंडांना शेतजमीन किंवा राहतं घर बक्षीस दिलं तर मुद्रांक शुल्क फक्त २०० रुपये आहे, स्थानिक अधिभार वेगळा. स्वस्त, झटपट, आणि म्हातारपणी वडिलांना वाटतं की आपल्या डोळ्यांदेखत वाटणी झालेली बरी. दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात दस्त नोंदलाही जातो. पण दस्त नोंदला गेला म्हणजे फेमाची तपासणी झाली असं नाही. मुद्रांक शुल्काची सवलत देणारा राज्याचा कायदा वेगळा आणि परदेशी राहणाऱ्याला शेतजमीन घेऊ न देणारा केंद्राचा नियम वेगळा. पुढे फेरफार होतो, ताईंचं नाव सातबाऱ्यावर लागतं, आणि सगळ्यांना वाटतं काम झालं. विकायला गेल्यावर खरेदीदाराचा वकील विचारतो, हे नाव कोणत्या दस्ताने आलं?

फ्लॅट किंवा बिगरशेती मिळकत बक्षीस घेता येते, पण तिथेही देणारा कोण हे बघावं लागतं. नियम म्हणतात की देणारा कंपनी कायद्यातल्या व्याख्येनुसार नातेवाईक असावा. त्या यादीत पती-पत्नी, आईवडील, मुलगा, सून, मुलगी, जावई, भाऊ, बहीण आहेत, शिवाय हिंदू एकत्र कुटुंबाचे सभासद. आजी, आजोबा, काका, मामा, आत्या, मावशी त्या यादीत नावानिशी नाहीत. म्हणजे दादरच्या आजीने प्रेमाने अमेरिकेतल्या नातीला फ्लॅट बक्षीस द्यायचा म्हटलं तर वकिलाने थांबवायला हवं. आजीने तोच फ्लॅट मृत्युपत्राने नातीला दिला तर तो वारसा होतो, आणि तिथे ही नात्याची अट येत नाही.

वडिलांच्या शेतीबाबतही वाट तीच आहे. ताईंना हिस्सा द्यायचाच असेल तर वडिलांनी मृत्युपत्र करावं, किंवा काहीच न करता वारसाहक्काने जाऊ द्यावं. त्यांच्या निधनानंतर गावच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे, ज्यांना आपण अजून तलाठीच म्हणतो, वारसनोंदीचा अर्ज द्यायचा. मृत्यूचा दाखला, वारसांचं प्रतिज्ञापत्र आणि ओळखीचे कागद लागतात. फेरफार मंजूर झाला की सातबाऱ्यावर भावाबरोबर ताईंचं नाव येतं, आणि ते पक्कं असतं.

हक्कसोडपत्राबद्दल एक इशारा. भाऊबहीण ठरवतात की फ्लॅट भावाला आणि शेती बहिणीला, आणि भाऊ आपला शेतीतला हिस्सा बहिणीच्या नावे सोडतो. वारशाने आलेला ताईंचा अर्धा हिस्सा ठीक, पण भावाने सोडलेला अर्धा वारशाने आला का? माझ्या मते तो भावाकडून मिळालेला आहे, आणि मी तरी असा दस्त करायचा सल्ला देणार नाही. उलट्या दिशेने, म्हणजे ताईंनी भारतात राहणाऱ्या भावाच्या नावे हक्क सोडला, तर काही अडचण नाही. वाटणी करायचीच असेल तर ती वडिलांनी मृत्युपत्रातच करून ठेवलेली बरी.

वारशाने आलेली शेती ताई ठेवू शकतात, कसवू शकतात, तिचं उत्पन्न घेऊ शकतात. विकायची झाली तर फक्त भारतात राहणाऱ्या माणसालाच. दुसऱ्या एनआरआयला किंवा ओसीआय कार्डधारकाला नाही, अगदी सख्ख्या बहिणीलाही नाही. शिवाय महाराष्ट्रात घेणारा शेतकरी असावा लागतो, नाहीतर जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते.

आणि इथेच एजंट पुन्हा भेटतो. "ताई, आता तुमच्या नावावर सातबारा आहे, म्हणजे तुम्ही शेतकरी झालात. आता शेतीची जमीन खुशाल घ्या." हे ऐकायला इतकं तर्कशुद्ध वाटतं की शिकलेली माणसंही फसतात. खरं असं आहे की या दाराला दोन कुलुपं आहेत. एक राज्याचं: १९४८ च्या कूळवहिवाट कायद्याचं कलम ६३, जे म्हणतं शेतजमीन शेतकऱ्यानेच घ्यावी. दुसरं केंद्राचं: फेमा, जे म्हणतं परदेशी राहणाऱ्या एनआरआय आणि ओसीआय कार्डधारकाने शेतजमीन विकत घेऊ नये. शेतकरी असल्याचा दाखला पहिलं कुलूप उघडतो. दुसऱ्याला त्याचा स्पर्शही होत नाही. जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी मिळवली तरी तीच गोष्ट.

मग मुळशीचा अकरा गुंठ्यांचा तुकडा घेता येईल की नाही हे ओळखायचं कसं? जाहिरातीत काय लिहिलंय यावर नाही. "एनए प्रपोज्ड", "रेसिडेन्शियल झोन", "हॉलिडे होम प्लॉट" या शब्दांना कागदावर वजन नाही. सातबाऱ्यावर ती जमीन अकृषिक म्हणून नोंदलेली आहे का ते बघा, त्यामागचा बिनशेतीचा आदेश, सनद किंवा तसा अधिकृत कागद मागा, आणि मंजूर रेखांकनात तुमचा प्लॉट नंबर स्वतःच्या डोळ्यांनी बघा. विकास आराखड्यात निवासी पट्टा असणं म्हणजे बिनशेती झालेली असणं नाही. त्या पट्ट्यात रूपांतर सोपं असतं एवढंच, पण ते झालेलं असावं लागतं. सातबाऱ्याच्या पिकाच्या रकान्यात अजून भात, गवत किंवा आंबा-काजू दिसत असेल आणि असा कागद कुणी दाखवत नसेल, तर ती शेतजमीनच समजा. कोकणातली कलमांची बाग तर हमखास यात येते.

बंगल्याचंही तसंच. बिनशेती प्लॉटवर मंजूर नकाशाने बांधलेला वीकेंड बंगला तुम्ही बिनधास्त घ्या, नाव काहीही असो. शेतजमिनीवर, शेतघराच्या परवानगीने उभा केलेला तितकाच सुंदर बंगला मात्र फार्महाऊस आहे, आणि तो विकत घेता येत नाही. स्विमिंग पूल असल्याने काही बदलत नाही.

"मग भावाच्या नावावर घेऊ, पैसे मी देते" हा पुढचा विचार जवळजवळ प्रत्येक कुटुंबात येतो. कृपा करून तो करू नका. दुसऱ्याच्या नावावर आपल्या पैशाने, आपल्यासाठी मिळकत ठेवणं हा बेनामी व्यवहार आहे. २०१६ च्या दुरुस्तीनंतर अशी मिळकत सरकारजमा होऊ शकते, शिवाय एक ते सात वर्षं तुरुंगवास आणि बाजारभावाच्या पंचवीस टक्क्यांपर्यंत दंड. शिवाय भाऊ उद्या नाही म्हणाला तर कोर्टात जाऊन "ही माझी" म्हणण्याचा हक्कही कायदा देत नाही. त्याच्या मुलांशी तुमचे संबंध कसे असतील हे आज कुणाला माहीत?

ज्यांनी आधीच घेऊन ठेवली आहे त्यांचं काय? फेमात दंड गुंतलेल्या रकमेच्या तिप्पटीपर्यंत जाऊ शकतो आणि जमीनही जप्त होऊ शकते. पण स्वतःहून पुढे आलेल्याला वाट आहे. आधी ती जमीन भारतात राहणाऱ्या, घ्यायला पात्र असलेल्या माणसाला विकून मोकळं व्हायचं, आणि मग रिझर्व्ह बँकेकडे चूक कबूल करून तडजोडीचा, म्हणजे कंपाउंडिंगचा, अर्ज करायचा. रक्कम भरली की त्या चुकीवर पडदा पडतो. जमीन हातात ठेवून तडजोड मिळेल ही आशा धरू नका.

ताईंचा भारतात यायचा बेत नसेल तर खरेदीखतासाठी वडिलांना किंवा भावाला कुलमुखत्यारपत्र द्यावं लागेल. ते न्यू यॉर्कच्या भारतीय वाणिज्य दूतावासात करता येतं, किंवा तिथल्या नोटरीसमोर करून त्यावर अपोस्टिल, म्हणजे तिथल्या सरकारचं प्रमाणीकरण, लावून पाठवता येतं. भारतात पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरून घ्या. ही मुदत बरेच जण विसरतात, आणि मग ऐन नोंदणीच्या दिवशी दुय्यम निबंधकाच्या दारात काम अडतं. आणि त्यात लिहिताना कोणता फ्लॅट, कोणत्या किमतीपर्यंत, हे नेमकं लिहा. "माझ्या सर्व मिळकतींबाबत सर्व अधिकार" असं मोघम लिहून दिलेलं पत्र मी तरी सख्ख्या भावालाही देऊ नका म्हणेन.

शेवटचा प्रश्न ताईंनीच विचारला असता: पुढे निवृत्तीनंतर त्या कायमच्या पुण्यात येऊन राहिल्या तर? फेमाच्या नजरेत राहणारा माणूस भारतातला की बाहेरचा हे पासपोर्टवर नाही, मागच्या आर्थिक वर्षात तो भारतात किती दिवस होता आणि कशासाठी आला यावर ठरतं. १८२ दिवसांपेक्षा जास्त राहून, कायमचं राहण्याच्या बेताने आलेली व्यक्ती बहुधा निवासी ठरते. तेव्हा फेमाच्या नियमांचं गणित बदलतं. पण २०२१ ची नागरिकत्वाची अधिसूचना त्या कार्डावरच शेतजमिनीची मर्यादा घालते, त्यामुळे पुण्यात राहायला आल्यावरही शेती विकत घेण्याआधी या विषयात काम करणाऱ्या वकिलाचं लेखी मत घ्यावं. वारशाने आलेला तीन एकरांतला हिस्सा तोवर त्यांच्याकडे असेलच. ऊस लावायचा की कांदा, ते मात्र ताईंना भावाला विचारूनच ठरवावं लागेल.